‘किरत करो, नाम जपो, वंड छको’ : ही ओळ गुरू ग्रंथ साहिबात आहे का?

प्रामाणिक कष्ट करा, नामस्मरण करा, मिळालेलं वाटून खा. पंजाबीत हीच शिकवण ‘किरत करो, नाम जपो, वंड छको’ अशी सांगतात. शीख धर्माची ओळख करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत ती भेटते. गुरुद्वाऱ्यांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर आणि लंगरच्या फलकांवरही ती असते. तिच्याखाली कधी ‘गुरू नानक’ असं लिहिलेलं असतं, तर कधी ‘गुरू ग्रंथ साहिब’. यातला दुसरा उल्लेख तपासून पाहता येतो. तो तपासला की उत्तर निःसंदिग्ध मिळतं: ही ओळ गुरू ग्रंथ साहिबात नाही.

त्यामुळे शिकवण खोटी ठरत नाही. तिचे तिन्ही धागे ग्रंथात आहेत, ठळक आहेत आणि पुन्हा पुन्हा येतात. पण ते कुठे आहेत, कोणाच्या मुखी आहेत, कोणते दोन एकत्र येतात आणि तिसरा कुठे राहतो, हे पाहायला लागलं की मूळ ओळीपेक्षा कितीतरी अधिक हाती लागतं. या शोधाच्या वाटेवर एका मराठी संताचीही गाठ पडते, आणि ती भेट ओढूनताणून आणलेली नाही.

आधी एक शंका. एखादी ओळ एखाद्या ग्रंथात नाही, असं छातीठोकपणे सांगता येतं का? आपल्याकडच्या संतवाङ्मयाबाबत ते अवघड आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळले आहेत, आणि कोणते कोणाचे हा वाद अभ्यासकांमध्ये जुना आहे. तुकोबांच्या गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अभंगांची संख्या सारखी नाही. तिथे ‘हा अभंग गाथेत नाही’ म्हटलं की ‘कोणत्या गाथेत?’ असा प्रश्न येतो. गुरू ग्रंथ साहिबाची गोष्ट निराळी आहे. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी 1604 साली हा संग्रह सिद्ध केला, आणि तो भाई गुरदासांच्या हातून लिहवून घेतला. प्रत्येक पदाच्या शेवटी क्रमांक घातले आणि त्या क्रमांकांच्या बेरजाही दिल्या, म्हणजे मध्येच कोणी पद घुसवलं तर हिशेब चुकावा. शेवटी ‘मुंदावणी’ नावाची रचना मोहोर लावल्यासारखी ठेवली. पुढे गुरू गोविंदसिंगांनी आपले वडील गुरू तेगबहादूर यांची वाणी त्यात समाविष्ट केली, आणि 1708 साली नांदेडला देहधारी गुरूंची परंपरा संपवून गुरुपद या ग्रंथाला दिलं. त्यानंतर त्यात भर पडलेली नाही.

छापील प्रतींच्या बाबतीत तर आणखी सोय झाली. प्रमाण प्रतीची 1430 पृष्ठं आहेत. पृष्ठाला ‘अंग’ म्हणतात, कारण ग्रंथ हा गुरूंचा देह मानला जातो. प्रत्येक प्रतीत प्रत्येक अंगावरचा मजकूर तोच असतो. अमृतसरची प्रत असो वा नांदेडची, अंग 1245 उघडलं की तेच शब्द समोर येतात. म्हणून इथे ‘नाही’ हे उत्तर ठामपणे देता येतं, आणि ‘आहे’ म्हणणाऱ्याला अंगाचा क्रमांक विचारता येतो. ज्या फलकावर ‘गुरू ग्रंथ साहिब’ एवढंच लिहिलेलं आहे आणि अंग दिलेलं नाही, तिथे पहिली शंका यायला हवी.

शोधाचं काम एके काळी पाठीच करत. ज्यांचं अखंड वाचन झालेलं असे, ते ओळ ऐकताच राग आणि रचना सांगत. पुढे विसाव्या शतकात ओळीओळींच्या छापील सूच्या निघाल्या. आता संगणकावर आणि फोनवर सगळा ग्रंथ शोधता येतो. त्यातली एक पद्धत फार नामी आहे. ओळीतल्या प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर टंकायचं, मात्रा सोडून द्यायच्या. कीर्तन चालू असताना रागी गात असलेली ओळ पडद्यावर आणायला सेवेकरी हीच रीत वापरतात. रागी ओळ आळवत असतो तोवर सेवेकऱ्याने पाच-सहा अक्षरं टाकलेली असतात, आणि ओळ पडद्यावर उमटते.

ही पद्धत आपल्या ओळीला लावू. किरत करो, नाम जपो, वंड छको यांची अक्षरं होतात क, क, न, ज, व, छ. ही शोधली की आपली ओळ येत नाही. अक्षरं जुळल्यामुळे एखादी भलतीच ओळ आलीच तर ती वाचून लगेच कळतं की तिचा या शिकवणीशी संबंध नाही. आज्ञा उलटसुलट करून पाहिल्या, ‘नाम जपो’ आधी घेतलं, तरी निकाल तोच. इथे थांबलं तर ‘ओळ नाही’ एवढंच कळेल. पण खरं काम यापुढे आहे, कारण नेमकी ओळ नसली तरी आशय कुठे आहे ते पाहायला हवं. आशय शोधताना पाय घसरण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

पहिली जागा खुद्द ‘किरत’ हा शब्द. आजच्या पंजाबीत किरत म्हणजे कष्टाचं काम, आणि किरती म्हणजे कष्टकरी. हा शब्द ग्रंथात शोधला तर बरेच दाखले सापडतात आणि शोधणारा खूश होतो. पण त्यातले बहुतेक दाखले वेगळ्याच अर्थाचे आहेत. ग्रंथाच्या भाषेत किरत म्हणजे बहुधा पूर्वी केलेल्या कर्मांचा साठा, संचित. अंग 133 वर गुरू अर्जनदेवांचा माझ रागातला बारामाहा सुरू होतो, त्याच्या आरंभीच हा शब्द आहे. तिथे जीव आपल्या जुन्या कर्मांमुळे परमेश्वरापासून दुरावला आहे, अशी खंत आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो या ओळीखाली ‘श्रमाचं महत्त्व’ असं लिहून मोकळा होईल. शिवाय ग्रंथातल्या शब्दांना शेवटी बारीक इकार-उकार असतात, ते व्याकरणाचं काम करतात. आजच्या लेखनानुसार शब्द जसाच्या तसा टंकला तर काही जागा निसटतात, आणि मात्रा सोडून शोधला तर नको त्या जागाही येतात. दोन्ही करून पाहावं लागतं.

मग कष्टाला ग्रंथ काय म्हणतो? तिथे ‘घाल’ हा शब्द आहे, घाम गाळून केलेली मेहनत. हा शब्द हाती आला की दार उघडतं. अक्षरपद्धतीने घ, ख, क, ह, द टंकलं की अंग 1245 समोर येतं. इथे सारंग रागातली वार आहे. वारेच्या पौड्या चौथे गुरू रामदास यांच्या आहेत, पण त्यांच्या मध्ये जोडलेला हा सलोक पहिल्या महल्याचा, म्हणजे गुरू नानकांचा आहे. त्याचा आशय असा. ज्ञान नसताना कोणी गाणी गातो. कोणी भुकेला मुल्ला पोटासाठी घराचीच मशीद करतो. कोणी कामचुकार कान टोचून योगी होतो आणि कुळाची लाज सोडतो. जो स्वतःला गुरू नि पीर म्हणवून घेतो आणि भीक मागत फिरतो, त्याच्या पायाला चुकूनही हात लावू नये. आणि मग शेवटचा निवाडा: जो मेहनत करून खातो आणि आपल्या हाताने काही देतो, त्यानेच वाट ओळखली आहे.

हा सलोक सबंध वाचायला हवा, शेवटची ओळ तोडून घेऊन भागत नाही. कष्ट चांगले, दान चांगलं असा गोड उपदेश तो करत नाही. धर्माच्या नावाने दुसऱ्याच्या कमाईवर जगणाऱ्यांना तो नावं घेऊन बाजूला सारतो, आणि मुल्ला, योगी, पीर यांच्यासमोर कमावणाऱ्या गृहस्थाला उभं करतो. मला या साऱ्या शोधातली ही सर्वांत मोलाची जागा वाटते. आपल्या त्रिसूत्रीशी ताडून पाहिलं तर तीनपैकी दोन गोष्टी इथे एका दमात आहेत, कष्ट आणि देणं. नामस्मरण मात्र या ओळीत नाही.

‘घाल’ शब्दाचा माग काढला की दुसरी जागा सापडते, अंग 472 वर, ‘आसा दी वार’ या रचनेत. ही वार पहाटेच्या कीर्तनात रोज गायली जाते. सलोक पुन्हा गुरू नानकांचाच आहे. एखाद्या चोराने घर लुटलं आणि लुटीतला माल पितरांना अर्पण केला, तर परलोकात तो माल ओळखला जाईल, पितरांवरच चोरीचा आळ येईल, आणि मध्यस्थी करणाऱ्याचे हात तोडले जातील, असं चित्र गुरू नानक रंगवतात. पुढे ते सांगतात की पलीकडे पोचतं ते फक्त स्वकष्टाच्या कमाईतून दिलेलं. म्हणजे देण्याचं मोल कमाईच्या स्वच्छतेवर ठरतं. इथेही कष्ट आणि देणं हीच जोडी आहे, आणि ती इतक्या घट्टपणे बांधली आहे की कष्टावाचून दिलेलं दान गुरू नानकांच्या हिशेबी दानच नव्हे. अंग 141 वर त्यांचाच आणखी एक सलोक आहे. परक्याचा हक्क मारणं हे मुसलमानाला डुक्कर आणि हिंदूला गाय खाण्यासारखं आहे, असं तो बजावतो. प्रामाणिक कमाईबद्दल यापेक्षा कठोर शब्द ग्रंथात क्वचितच असतील.

आता कष्ट आणि स्मरण ही जोडी. तिच्यासाठी बहुतेक वेळा अंग 522 वरचा सलोक दाखवतात, गूजरी रागातल्या वारेतला. उद्यम करत जग, कमावत सुख भोग, ध्यान करत प्रभूला भेट, चिंता मिटेल, असा त्याचा भाव आहे. सलोकात ‘नानक’ ही नाममुद्रा आहे, म्हणून तो गुरू नानकांचा आहे असं पुष्कळजण लिहितात. इथे दुसरी घसरण होते. ज्या गुरूंची वाणी ग्रंथात आहे, त्यांनी ‘नानक’ याच नावाने रचना केल्या. रचना कोणाची हे नाममुद्रेवरून कळत नाही, तिच्या वर लिहिलेल्या महल्याच्या अंकावरून कळतं. इथे अंक आहे पाच, म्हणजे हा सलोक गुरू अर्जनदेवांचा. गुरू नानक आणि त्यांच्यामध्ये तीन गुरू होऊन गेले. आणखी एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी लागते. काही भाष्यकार या सलोकातला उद्यम भक्तीचाच उद्यम मानतात आणि कमाईही नामाची कमाई मानतात. तो अर्थ घेतला तर पोटापाण्याच्या कष्टाचा पुरावा म्हणून हा सलोक दुबळा पडतो. अंग 1245 बाबत अशी शंका उरत नाही, कारण तिथे समोर भीक मागणारे उभे आहेत.

रूपकाला शब्दशः अर्थाने घेणं ही तिसरी घसरण, आणि वाटून खाण्याच्या शोधात ती हमखास होते. अंग 186 वर गुरू अर्जनदेवांचं एक सुंदर पद आहे. वाडवडिलांचा खजिना उघडून पाहिला, मन निवलं, रत्नं नि माणकं मोजता येईनात. ती सगळ्या भावांनी मिळून खावीत, खर्चावीत, तरी कमी पडत नाहीत, उलट वाढत जातात. लंगरच्या फलकावर शोभेल असंच हे पद आहे. पण खजिना कसला? आधीच्या गुरूंनी ठेवून दिलेल्या वाणीचा आणि नामाचा. वाटून खायचं ते नाम आहे, भाकरी नाही. असाच प्रकार अंग 595 वरच्या गुरू नानकांच्या पदाचा. त्यात मन नांगरणारा आहे, आचरण ही शेती आहे, नाम हे बी आहे. शेतकऱ्याच्या कष्टाचं वर्णन म्हणून ते उद्धृत केलं तर पदावर अन्याय होतो. आधी पूर्ण पद वाचावं आणि मग ओळ घ्यावी, हा नियम इथे पाळावाच लागतो.

आता त्या मराठी संताकडे येऊ. ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. काम करता करता नाम घेणं, याचं सर्वांत थेट वर्णन ग्रंथात ज्या ठिकाणी येतं ते ठिकाण मात्र त्यांच्या पदांत नाही, कबीरांच्या सलोकांत आहे. कबीर तिथे नामदेव आणि त्रिलोचन या दोन भक्तांचा संवाद सांगतात. अंग 1375 आणि 1376 यांच्या सांध्यावर, सलोक 212 आणि 213 मध्ये तो आहे. त्रिलोचन नामदेवांना टोकतात: तू मायेत का गुंतलास, कापडावर छपाई करत का बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांचं उत्तर असं: तोंडाने राम म्हण, हातापायांनी सगळं काम कर, आणि चित्त निरंजनाशी असू दे.

महाराष्ट्रात नामदेव शिंपी म्हणून ओळखले जातात. पंजाबात कापड छापणारे, रंगवणारे लोक त्यांना आपले मानतात, आणि या सलोकातलं काम तेच आहे. खुद्द नामदेवांच्या पदांतही हीच जाण आहे. अंग 485 वर आसा रागातल्या पदात मन हा त्यांचा गज होतो आणि जीभ कात्री होते, व रंगवणं, शिवणं हे सगळं नामाबरोबर चालतं. अंग 972 वरच्या पदात ते पतंग उडवणाऱ्या पोराचं उदाहरण देतात. मित्रांशी गप्पा चालल्या तरी त्याचं लक्ष दोरीवर असतं. पाण्याने भरलेले घडे डोक्यावर घेऊन हसत-खिदळत जाणाऱ्या मुली, आणि घरकामात गढलेली पण चित्त पाळण्यातल्या तान्ह्याकडे असलेली आई, हीही त्याच पदात येतात. पंढरपूरच्या वारीत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. पंजाबात नामदेवांची स्मृती गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी जपली आहे. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं तेव्हा अनेक मराठी वाचकांना हा दुवा नव्याने कळला.

तेव्हा हिशेब असा दिसतो. कष्ट आणि देणं गुरू नानकांच्या सलोकांत एकत्र आहेत. कष्ट आणि स्मरण कबीरांनी सांगितलेल्या नामदेवांच्या उत्तरात एकत्र आहेत. या जागांत प्रत्येक वेळी तिसरा धागा बाहेर राहतो. मग ग्रंथाला तीन गोष्टी एकत्र गुंफण्याची सवयच नाही का? आहे, आणि या शोधातला सर्वांत अनपेक्षित भाग हाच आहे. ग्रंथाची स्वतःची त्रिसूत्री आहे, पण ती वेगळी: नाम, दान, इस्नान. म्हणजे स्मरण, देणं आणि स्नान. गुरू नानकांच्या ‘सिध गोसट’ या योग्यांशी झालेल्या संवादात, अंग 942 वर, ही तीन नावं ओळीने येतात. गुरू नानकांच्या जुन्या चरित्रकथांत, म्हणजे पुरातन जनमसाखीत, बेईं नदीत बुडी मारल्यावर त्यांना झालेल्या आदेशातही नाम, दान आणि स्नान हेच आहे. ‘मुंदावणी’त, ग्रंथाच्या अगदी शेवटी अंग 1429 वर, आणखी एक त्रिकूट आहे. ताटात तीन वस्तू वाढल्या आहेत, सत्य, संतोष आणि विचार, आणि त्यांबरोबर नामाचं अमृत. या दोन्ही त्रिकुटांत कष्टाचं नाव नाही. कष्टाचा विचार ग्रंथ स्वतंत्रपणे आणि खडसावून करतो, तो असा सुभाषितात बसवत नाही.

मग तीन आज्ञांची ही ओळ आली कुठून? ग्रंथाच्या बाहेर पडलं की तिचे पूर्वज दिसू लागतात. ज्यांच्या हातून 1604 ची प्रत लिहिली गेली त्या भाई गुरदासांनी स्वतःच्या ‘वारां’ लिहिल्या, आणि शीख परंपरेत त्यांना ग्रंथाची किल्ली मानतात. सहाव्या वारेत ते शिखाच्या दिनचर्येबद्दल सांगताना धर्माने किरत करून आपल्या हाताने द्यावं, असं लिहितात. किरत हा शब्द इथे आजच्या, म्हणजे कष्टाच्या अर्थाने आला आहे, आणि ‘हाताने देणं’ हे अंग 1245 वरच्या सलोकाचाच प्रतिध्वनी आहे. पुढच्या काळातल्या रहितनाम्यांत, म्हणजे आचारसंहितांत, दहा नखांनी केलेल्या कमाईतला दहावा वाटा, दसवंध, गुरूसाठी काढायला सांगितलं आहे. विसाव्या शतकात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मान्य केलेल्या ‘सिख रहत मर्यादे’तही धर्माची किरत करून निर्वाह करावा आणि गरिबाच्या मुखाला गुरूची तिजोरी समजावं, असं आहे. गुरू नानक आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कर्तारपूरला शेती करत, लोकांबरोबर नाम घेत आणि सगळ्यांना एका पंगतीत जेवू घालत, ही परंपरेची आठवण या सगळ्यामागे आहे. 1539 साली तिथेच त्यांचा देह पडला. ‘किरत करो, नाम जपो, वंड छको’ ही या आचारांची आणि त्या जीवनाची नंतर झालेली आटोपशीर मांडणी आहे.

ग्रंथातलं काय आणि बाहेरचं काय, याची सरमिसळ होण्याचं एक साधं कारण गुरुद्वाऱ्यातच आहे. मर्यादेनुसार कीर्तनात ग्रंथातल्या वाणीबरोबर भाई गुरदास आणि भाई नंदलाल यांच्या रचना गाता येतात. गुरू गोविंदसिंगांच्या नावाने असलेल्या दसम ग्रंथातली पदंही गायली जातात. नांदेडच्या हुजूर साहिबला तर गुरू ग्रंथ साहिबाबरोबर दसम ग्रंथाचाही प्रकाश असतो. ग्रंथासमोर बसून ऐकलेलं सगळं ग्रंथातलंच, असं श्रोत्याला वाटणं स्वाभाविक आहे. भाई लालोंच्या भाकरीची गोष्टही अशीच. सैदपूरच्या सुतार लालोंच्या कोरड्या भाकरीतून दूध निघालं आणि मलिक भागोच्या पक्वान्नातून रक्त, ही गोष्ट कष्टाच्या कमाईचं उदाहरण म्हणून सर्वत्र सांगतात. ती जनमसाख्यांतली आहे, ग्रंथातली नाही. ग्रंथात लालोंचं नाव मात्र आहे, अंग 722 वर तिलंग रागात. तिथे गुरू नानक लालोंना हाक मारून बाबराच्या स्वारीतल्या अत्याचाराबद्दल बोलतात, भाकरीबद्दल नाही.

भाषांतरांतून शोध घेणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. भाषांतरात ‘प्रामाणिक श्रम’ असे शब्द असले तरी ते मूळ ओळीतले असतीलच असं नाही, अनुवादकाने समजावण्यासाठी घातलेले असू शकतात. उलट, मुळात ‘घाल’ असूनही अनुवादात ‘साधना’ आलेलं असतं. म्हणून अनुवादात सापडलेली ओळ मूळ गुरुमुखीशी ताडायची, वर महल्याचा अंक पाहायचा, मागचीपुढची पदं वाचायची, आणि मगच तिला पुरावा मानायचं.

लंगरच्या सभागृहात, शाळेच्या फलकावर किंवा मराठी पुस्तकात ही ओळ छापायची असेल, तर ‘किरत करो, नाम जपो, वंड छको’ याखाली ‘शीख परंपरा, गुरू नानकांच्या शिकवणीचं सार’ असं लिहावं. तसं लिहिलं तर ते बरोबर आहे. ग्रंथाचंच वचन हवं असेल तर कष्ट आणि देणं यांसाठी अंग 1245, सारंग की वार, सलोक महला 1 असा पूर्ण पत्ता द्यावा, आणि काम आणि नाम यांसाठी अंग 1375–76, सलोक कबीर 212–213. हा दुसरा पत्ता देताना रचना कबीरांची आहे आणि त्यात बोलणारे नामदेव आहेत, या दोन्ही गोष्टी लिहाव्यात.